पिवळा डॉलर आणि एकदाच मागता येणारी तपासणी

यूट्यूबवर व्हिडिओ टाकून कमाई करणाऱ्या प्रत्येकाला एक खूण ओळखीची असते. यूट्यूब स्टुडिओत आपल्या व्हिडिओंची यादी उघडली की प्रत्येक व्हिडिओसमोर डॉलरचं छोटं चिन्ह दिसतं. ते हिरवं असेल तर त्या व्हिडिओवर सगळ्या प्रकारच्या जाहिराती येऊ शकतात. पिवळं असेल तर जाहिराती कमी येतील किंवा अजिबात येणार नाहीत. पूर्वी त्याच्या शेजारी ‘Not suitable for most advertisers’ असं लिहिलेलं असायचं, हल्ली ‘Limited or no ads’ असे शब्द दिसतात. शब्द बदलले, तरी अर्थ तोच राहिला आहे. बहुतेक जाहिरातदारांना या व्हिडिओशेजारी आपली जाहिरात नको आहे, असा अंदाज यूट्यूबच्या यंत्रणेने बांधलेला असतो.

पिवळं चिन्ह दिसलं की बऱ्याच जणांना वाटतं आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडला. तसं काही झालेलं नसतं. यूट्यूबकडे दोन वेगवेगळ्या नियमावल्या आहेत. व्हिडिओ साइटवर राहू द्यायचा की काढून टाकायचा, हे पहिली ठरवते. ती मोडली तर चॅनलला स्ट्राइक मिळू शकतो. राहिलेल्या व्हिडिओवर जाहिराती लावायच्या का, एवढाच प्रश्न दुसरी सोडवते. पिवळं चिन्ह या दुसऱ्या नियमावलीतून येतं. व्हिडिओ जागेवर असतो, लोक तो पाहू शकतात, चॅनलवर कसलाही डाग लागत नाही. कॉपीराइटचा दावा आणि वयाचं बंधन हेही वेगळे विषय आहेत. अठरा वर्षांवरच्यांपुरत्या मर्यादित केलेल्या व्हिडिओवर जाहिराती कमी होतात हे खरं, पण तिथे आधी वयाच्या बंधनाबद्दलच दाद मागावी लागते. म्हणून आपल्या व्हिडिओला नक्की काय झालं आहे, हे आधी नीट वाचून घ्यावं. चुकीच्या ठिकाणी केलेला अर्ज फुकट जातो.

ही दुसरी नियमावली इतकी कडक का झाली, यामागे 2017 चा प्रसंग आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या ‘द टाइम्स’ने एक शोध छापला. नामांकित कंपन्यांच्या आणि संस्थांच्या जाहिराती दहशतवादाचा आणि द्वेषाचा प्रचार करणाऱ्या व्हिडिओंवर दिसत होत्या. जाहिरातीतला काही वाटा अशा व्हिडिओंच्या मालकांकडे जाऊ शकत होता. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने यूट्यूबवरच्या आपल्या जाहिराती थांबवल्या. ‘द गार्डियन’ने थांबवल्या, हावास या मोठ्या जाहिरात समूहाच्या ब्रिटनमधल्या शाखेनेही आपल्या ग्राहकांच्या थांबवल्या. काही दिवसांत एटी अँड टी, व्हेरायझन, जॉन्सन अँड जॉन्सन अशा अमेरिकी कंपन्याही बाजूला झाल्या. यूट्यूबचं बहुतेक उत्पन्न जाहिरातींचं, त्यामुळे कंपनीने घाईने नियम आवळले आणि छाननी यंत्रांवर सोपवली. व्हिडिओ करणाऱ्यांच्या जगात त्या काळाला ‘अ‍ॅडपोकॅलिप्स’ असं नाव पडलं. अनेकांचे साधे, निरुपद्रवी व्हिडिओही त्या झाडाझडतीत पिवळे झाले.

व्हिडिओ चांगला की वाईट, खरा की खोटा, याचा निवाडा इथे होत नाही. वर्तमानपत्रात विमान अपघाताच्या बातमीशेजारी विमान कंपनीची जाहिरात आली तर जाहिरात विभाग ती दुसऱ्या पानावर हलवतो. बातमी खरी आणि महत्त्वाची असते, तरीही हलवतो. यूट्यूबचं यंत्र हेच काम रोज अगणित व्हिडिओंसाठी करतं, आणि त्याला बातमीचं मोल कळत नाही. फक्त शेजार कळतो.

जाहिरातदाराच्या बाजूने ही सोय कशी चालते, हे पाहिलं की पिवळ्या चिन्हाचा अर्थ आणखी स्पष्ट होतो. गूगल अ‍ॅड्समधून जाहिरात देणाऱ्याला तीन पातळ्यांमधून एक निवडायची असते. सगळ्यात मोकळ्या पातळीत थोडा संवेदनशील मजकूरही चालतो. मधली पातळी बहुतेक कंपन्यांना सोयीची वाटते आणि काही न निवडल्यास तीच लागू होते. तिसरी सगळ्यात सोवळी. पिवळं चिन्ह मिळालेला व्हिडिओ मधल्या आणि तिसऱ्या पातळीच्या जाहिरातदारांना दिसतच नाही. मोकळी पातळी निवडणारे थोडे उरतात, म्हणून पिवळ्या व्हिडिओवरही कधीतरी एखादी जाहिरात झळकते आणि थोडे पैसे जमतात. यूट्यूब प्रीमियमचे सभासद तो व्हिडिओ पाहतील तर त्याचा वाटाही मिळतो. चॅनलची सभासद वर्गणी किंवा थेट प्रक्षेपणातलं सुपर चॅट यांचा या चिन्हाशी संबंध नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कोकणातल्या एका सर्पमित्राचा चॅनल आहे. हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं ही जाहिरातींच्या कमाईची अट त्याने ओलांडली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तो चौदा मिनिटांचा व्हिडिओ टाकतो. विषय आहे घोणस चावल्यावर काय करावं. व्हिडिओत तो आधी घोणस, फुरसं, मण्यार आणि नाग या चार विषारी सापांतला फरक सांगतो. मग शेतात चावा बसलेल्या एका माणसाचा पाय दाखवतो, त्याच्या परवानगीने. पाय सुजून काळानिळा पडला आहे, कातडी फाटून आतलं मांस दिसतं आहे. कॅमेरा त्या जखमेवर चौदा सेकंद थांबतो, मागे भयपटासारखं संगीत आहे. पुढे तो एक प्रसंग उभा करतो. मांत्रिक ब्लेडने जखम कापतो आणि विष ओढून काढल्याचं नाटक करतो. असं करू नका, हे सांगण्यासाठीच तो प्रसंग आहे. शेवटी सरकारी रुग्णालयातले डॉक्टर रक्त गोठण्याची साधी चाचणी दाखवतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग ती तिरपी करून पाहायचं. रक्त अजून पातळच असेल तर घोणसीच्या विषाने त्याची गोठण्याची शक्ती घालवली आहे, आणि विषाविरुद्धची लस द्यायची वेळ आली आहे, हे डॉक्टरला कळतं.

व्हिडिओ उपयोगाचा आहे. तो पाहून एखाद्याचा जीव वाचू शकतो. आता त्याचं शीर्षक पाहा. ‘घोणस चावली आणि पाय सडला! पुढे जे झालं ते बघून हादराल’. थंबनेलवर तोच काळा पाय, त्याभोवती लाल वर्तुळ, शेजारी तोंड उघडून किंचाळणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी डॉलर पिवळा होतो.

असं का झालं, ते यंत्र काय वाचतं यावरून समजतं. व्हिडिओतली चित्रं आणि आवाज एवढ्यावर त्याची तपासणी थांबत नाही. शीर्षक, थंबनेल आणि वर्णनही ते पाहतं. यूट्यूबच्या जाहिरातस्नेही नियमावलीत शिवीगाळ, हिंसा, कामुक मजकूर, धक्कादायक दृश्यं, घातक कृती आणि अविश्वसनीय दावे, द्वेष, अमली पदार्थ, शस्त्रं, वादग्रस्त विषय, संवेदनशील घटना असे विषय आहेत. आपल्या सर्पमित्राच्या व्हिडिओत धक्कादायक दृश्यांची खूण सगळ्यात ठळक आहे. जखम, मांस, रक्त, त्यावर किंचाळणारा चेहरा. मांत्रिकाच्या प्रसंगामुळे घातक कृती आणि अविश्वसनीय दाव्यांचीही शंका येऊ शकते. तो प्रसंग विरोधासाठी आहे, हे पाहणाऱ्याला कळतं. यंत्राला ब्लेड, रक्त आणि ‘विष उतरतं’ हे वाक्य एवढंच मिळतं.

नियमावली मात्र यंत्रापेक्षा बरीच समंजस आहे. शिक्षण, विज्ञान, वैद्यक, बातमी किंवा माहितीपट या हेतूने दाखवलेली जखम किंवा शस्त्रक्रिया तिला चालते. अट अशी की दृश्याचा हेतू लोकांना धक्का देणं हा नसावा, आणि सगळा भर रक्तावर नसावा. डॉक्टरांची नळीतली चाचणी या अटीत सहज बसते. चौदा सेकंदांची जखम आणि भयपटाचं संगीत नीट बसत नाही. शीर्षक आणि थंबनेल तर अजिबात बसत नाहीत, कारण त्यांनी हेतूच सांगून टाकला आहे. हादरवायचा. आतला मजकूर शिकवतो आहे आणि बाहेरचा बोर्ड भीती विकतो आहे, ही विसंगती खुद्द चॅनलवाल्याने तयार केली आहे.

माझ्या मते पिवळे डॉलर मिळणाऱ्यांची मोठी अडचण इथेच असते. ते व्हिडिओच्या बाजूने भांडतात, आणि निर्णय मात्र मुख्यतः थंबनेलने ओढवलेला असतो. लोकांनी क्लिक करावं म्हणून केलेला मुखवटा आतल्या मजकुराच्या बाजूने कधी बोलत नाही. भाषेचंही तसंच. यूट्यूबने शिव्यांबद्दलचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच सैल केले. नोव्हेंबर 2022 मध्ये आवळले, 2023 मध्ये पुन्हा सैल केले आणि 2025 मध्ये व्हिडिओच्या पहिल्या काही सेकंदांतल्या शिव्यांनाही बरीच मोकळीक दिली. शीर्षकात आणि थंबनेलवर शिवी असली तर मात्र आजही जाहिराती कमी होतात. नियम कितीही बदलोत, बाहेरच्या पाटीवरची नजर तशीच कडक राहिली आहे.

आता माणसाकडून तपासणी मागण्याकडे वळू. सोय साधी आहे. संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडायचं, डावीकडे `Content` निवडायचं आणि व्हिडिओंच्या यादीत `Monetization` हा स्तंभ पाहायचा. पिवळ्या चिन्हावर माउस नेला की एक छोटी चौकट उघडते. तिथे कारणाचा उल्लेख असेल तर तो जसाच्या तसा लिहून ठेवावा. त्याच चौकटीत `Request review` दिसतं. त्यावर क्लिक करायचं आणि पुढे जे विचारलं जाईल ते भरायचं. मग तज्ज्ञ माणूस व्हिडिओ पाहतो आणि नियमावलीशी ताडून निर्णय देतो. त्याला सात दिवसांपर्यंत लागू शकतात. अर्ज कुठे पोहोचला, हे त्याच स्तंभात कळतं.

एवढं वाचून लगेच `Request review` दाबायचा मोह होतो, आणि तिथेच बहुतेकांची संधी वाया जाते. माणसाने दिलेला निर्णय अंतिम असतो. त्यानंतर त्या व्हिडिओची जाहिरातीबाबतची स्थिती पुन्हा बदलत नाही. यंत्राने लावलेला पिवळा डॉलर तात्पुरता असू शकतो. माणसाने कायम केलेला पिवळा डॉलर मात्र कायमचा. नंतर थंबनेल बदललं, जखम धूसर केली, शीर्षक सौम्य केलं, तरी काही उपयोग होत नाही. म्हणून अर्ज करण्याआधीची तयारी हाच या प्रकरणातला खरा उद्योग आहे. अर्ज शेवटी करायचा.

सर्पमित्राचं काम पुढे नेऊ. आधी त्याने स्वतःचा व्हिडिओ एखाद्या जाहिरातदारासारखा पाहावा. बाळाचं दूध विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने हे पान उघडलं तर तो कुठे थांबेल? सुरुवात शीर्षकापासूनच करावी. ‘घोणस चावल्यावर पहिल्या तासात काय करावं, काय करू नये’ असं शीर्षक ठेवलं तर शोधणाऱ्यालाही ते जास्त सोयीचं. थंबनेलवर कापलेला पाय नको. नकाशावर पसरलेली घोणस, किंवा पायाला काठीचा आधार देऊन तो न हलवता रुग्णाला नेणारी माणसं, हेही पुरेसं लक्ष वेधतं. वर्णनाची पहिली दोन वाक्यं सरळ लिहावीत. हा व्हिडिओ सर्पदंशाच्या प्रथमोपचाराबद्दल आहे, त्यात अमुक मिनिटाला वैद्यकीय चाचणी आणि तमुक मिनिटाला जखमेचं दृश्य आहे, शेवटी डॉक्टरांचा सल्ला आहे. व्हिडिओ तपासणाऱ्या माणसाला संदर्भ तिथेच मिळतो.

मग व्हिडिओच्या आत हात घालावा. स्टुडिओत संपादनाची सोय आहे. तिथून एखादा तुकडा कापता येतो, किंवा पडद्याचा काही भाग धूसर करता येतो, आणि व्हिडिओचा पत्ता, पाहणाऱ्यांची संख्या, प्रतिक्रिया हे सगळं तसंच राहतं. आपल्या माणसाने जखमेची चौदा सेकंदं तीन-चारवर आणावीत, बाकीच्या वेळात पडदा धूसर ठेवावा. मांत्रिकाच्या प्रसंगाआधी निवेदन आहे का, हे पाहावं. ‘पुढे दिसणारी पद्धत चुकीची आणि जीवघेणी आहे’ हे वाक्य दृश्याच्या आधी यायला हवं, नंतर नाही. दृश्य आधी आणि खुलासा नंतर असा क्रम नाट्यासाठी चांगला असेल, तपासणीसाठी वाईट. मागचं भयपटाचं संगीत काढता आलं तर काढावं. ही छाटणी पूर्ण व्हायला काही तास लागू शकतात, आणि तोपर्यंत लोकांना जुनाच व्हिडिओ दिसत राहतो. छाटणी पूर्ण झाली आहे, हे स्वतः व्हिडिओ चालवून पाहिल्याशिवाय तपासणी मागू नये, नाहीतर तज्ज्ञासमोर जुनीच जखम येईल.

बदलांनंतर यंत्रणा व्हिडिओ पुन्हा पाहते, आणि कधी डॉलर आपोआप हिरवा होतो. तसं झालं तर माणसाची तपासणी मागायची गरजच उरत नाही. एक-दोन दिवस वाट पाहावी. तरीही पिवळाच राहिला, तर `Request review`. अर्जात काही लिहायला जागा असेल तर गाऱ्हाणं लिहू नये. नियमावलीतल्या विषयाचं नाव आणि मिनिट-सेकंद लिहावेत. ‘चौथ्या मिनिटाला दिसणारी जखम शैक्षणिक संदर्भात आहे, दृश्य तीन सेकंदांचं आहे. सातव्या मिनिटातला प्रसंग हानिकारक पद्धतीचा निषेध करतो, आधी तशी सूचना आहे. अकराव्या मिनिटाला रुग्णालयातली वैद्यकीय चाचणी आहे.’ एवढं पुरे. हजारो व्हिडिओ पाहणाऱ्या माणसाला चॅनलच्या कष्टांची कथा वाचायला वेळ नसतो, आणि त्या कष्टांवर त्याचा निर्णय अवलंबूनही नसतो.

या तपासणीची एक मर्यादा सगळ्यांना बोचते. व्हिडिओ टाकल्याच्या पहिल्या काही दिवसांत पाहणारे सगळ्यात जास्त येतात. समजा, आपल्या सर्पमित्राचा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात चाळीस हजारांनी पाहिला आणि नंतर रोज तीनशे जण पाहू लागले. आठवड्याने डॉलर हिरवा झाला, तरी त्या चाळीस हजारांवर जाहिराती लागल्याच नव्हत्या. न लागलेल्या जाहिरातीचे पैसे नंतर मिळत नाहीत. लांब व्हिडिओच्या जाहिरातींचा 55 टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. त्यामुळे पाहणाऱ्यांची गर्दी निघून गेल्यावर हिरवा झालेला डॉलर उरलेल्या तीनशेंपुरताच उपयोगाचा. माझ्या मते निर्मात्यांची सगळ्यात रास्त तक्रार हीच आहे. चूक यंत्राची असल्याचं माणसाने मान्य केलं तरी नुकसान निर्मात्यानेच सोसायचं, हे न्याय्य नाही.

यावर हातात असलेला उपाय एकच आहे. व्हिडिओ टाकताना तो लगेच सार्वजनिक करायचा नाही. खाजगी ठेवायचा किंवा दोन-तीन दिवसांनंतरची वेळ लावायची. अपलोड करताना स्टुडिओ जाहिरातयोग्यतेची आपली तपासणी करतं आणि डॉलरचा रंग तिथेच कळतो. पिवळा आला तर सार्वजनिक करण्याआधी दुरुस्ती करून तपासणी मागता येते, आणि पाहणारे येतील तेव्हा जाहिराती चालू असतात. सर्पदंशाच्या व्हिडिओला पावसाळा सुरू होईपर्यंत आठवडाभर थांबणं परवडतं. बातम्या सांगणाऱ्या चॅनलला मात्र परवडत नाही. आज घडलेल्या अपघातावरचा व्हिडिओ आठवड्याने टाकून काय करणार? अशा चॅनलांसाठी पिवळा डॉलर हा व्यवसायातला ठरलेला खर्च होऊन बसतो.

याच टप्प्यावर यूट्यूब आणखी एक गोष्ट विचारतं. अपलोड करताना एक प्रश्नावली येते. तुमच्या व्हिडिओत शिव्या आहेत का, हिंसा आहे का, धक्कादायक दृश्यं आहेत का, अशी यादी असते आणि जे लागू असेल त्यावर खूण करायची असते. शेवटी ‘None of the above’ म्हणजे वरीलपैकी काहीही नाही, असाही पर्याय असतो. सगळे याच पर्यायावर बोट ठेवतात, कारण त्यात सोपेपणा आहे आणि आपलं काही चुकलेलं नाही असं वाटतं. पण यूट्यूब तुमच्या उत्तरांची यंत्राच्या आणि माणसाच्या निष्कर्षांशी तुलना करून ठेवतं. उत्तरं वारंवार जुळत गेली की पुढे तुमच्या उत्तरांवर जास्त विसंबलं जातं. वारंवार चुकीची निघाली की यंत्र स्वतःच्या अंदाजावरच चालतं. आपल्या सर्पमित्राने धक्कादायक दृश्यांपुढे खूण करून, पुढच्या प्रश्नात ती शैक्षणिक असल्याचं सांगितलं असतं, तर त्याची उत्तरं निदान प्रामाणिक नोंदीत तरी राहिली असती. खोटं ‘काहीही नाही’ लिहून मिळालेला हिरवा डॉलर काही दिवसांत पिवळा होऊ शकतो, कारण यंत्र एकदा पाहून थांबत नाही. व्हिडिओला गर्दी वाढली की पुन्हा पाहतं.

दोन वाईट सवयींचा उल्लेख करायला हवा. पहिली म्हणजे व्हिडिओ पुसून पुन्हा टाकणं. असं केल्याने आधीचे पाहणारे, प्रतिक्रिया आणि पत्ता गेलाच, वर तोच मजकूर पुन्हा तपासला गेल्यावर निकाल वेगळा येण्याचं काही कारण नाही. दुसरी, प्रत्येक पिवळ्या व्हिडिओची तपासणी डोळे झाकून मागणं. ज्या व्हिडिओत खरोखरच रक्त, शिव्या किंवा भीती विकणारं थंबनेल आहे, तिथे माणूस यंत्राशी सहमत होईल आणि दुरुस्तीची वाट बंद होईल. ज्या व्हिडिओत नियमावलीतलं एकही वाक्य लागू होत नाही, तिथे मात्र काहीही न बदलता तपासणी मागावी. फक्त शीर्षकातल्या एका शब्दाने यंत्र बिचकलं असेल आणि तो शब्द विषयाला आवश्यक असेल, तर तो शब्द गिळण्याची गरज नाही. ‘सर्पदंशाने मृत्यू कसा टाळावा’ या शीर्षकातून ‘मृत्यू’ काढला तर शीर्षकच अर्थहीन होईल. असा शब्द राहू द्यावा आणि माणसाने तो पाहावा.

तज्ज्ञाने पिवळा कायम ठेवला, तर पुढे काय? व्हिडिओ हटवायचा नाही. तो लोकांना दिसतो आहे, प्रीमियमचा वाटा येतो आहे, आणि यूट्यूबच्या म्हणण्याप्रमाणे पिवळ्या चिन्हामुळे व्हिडिओ लोकांसमोर आणला जाणं थांबत नाही. ज्या दृश्यांमुळे नकार आला ती दृश्यं खरोखर गरजेची असतील, तर तो व्हिडिओ तसाच ठेवून पुढच्या वेळी वेगळा व्हिडिओ करावा. आपल्या सर्पमित्राने घोणसीवरचा दुसरा व्हिडिओ फक्त रुग्णालयातल्या चाचणीवर केला, जखम एकदाच दूरून दाखवली आणि मांत्रिकाचा प्रसंग न दाखवता फक्त तोंडी सांगितला, तर तो पहिल्याच तपासणीत हिरवा यायला हरकत नाही. पहिला व्हिडिओ त्याने वर्णनात दुवा म्हणून द्यावा, म्हणजे ज्याला जखम कशी दिसते हे पाहायचं आहे त्याला पाहता येईल.

पुढचा व्हिडिओ टाकताना त्याने अपलोडचं पान उघडं ठेवावं, प्रश्नावली खरी भरावी, व्हिडिओ खाजगी ठेवून डॉलरचा रंग उमटेपर्यंत थांबावं, आणि मगच पावसाळ्यापूर्वीचा एखादा सोयीचा दिवस निवडून तो सार्वजनिक करावा.